बर्फाच्या हिशोबात ३.४ कमी पडतायत. तिसरा नियम चुकला की मी?

उंबरठा

हौस म्हणून पुन्हा भौतिक रसायन वाचायला घेतलंय. उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमाशी आलो. पुस्तक एका ओळीत सांगून मोकळं होतं: निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी केवल शून्य तापमानाला शून्य असते. म्हटलं, वाचून पुढे जाण्यापेक्षा एकदा स्वतः आकडे घालून बघावेत. पदार्थ म्हणून पाणी घेतलं, कारण त्याचं मोजमाप सगळ्यात जास्त झालं असणार असा माझा भाबडा समज.

जिओक आणि स्टाउट यांचे १९३६ चे आकडे मिळाले. ते कॅलरीत आहेत, मी ज्यूलमध्ये केले. सगळं प्रति केल्विन प्रति मोल, पुढे एकक लिहीत बसत नाही. बर्फ शून्यापासून वितळबिंदूपर्यंत तापवताना ३८.०९. वितळताना २२.००. पाणी २५ अंशांपर्यंत तापवताना ६.६१. तिथेच त्याची वाफ करताना १४७.३६. ही वाफ फार विरळ असते, ती १ ॲटमॉस्फिअर दाबाला आणायची म्हणून २८.८१ वजा. वाफ आदर्श वायू नाही, त्याची किरकोळ दुरुस्ती ०.०१. बेरीज १८५.२६.

आता वाफेची एन्ट्रॉपी वर्णपटावरून काढलेली पाहिली तर ती १८८.७. म्हणजे माझ्या हिशोबात ३.४ कमी. तीन दिवस बेरजा तपासतोय. मला वाटतं घोळ अगदी खालच्या टोकाला आहे, कारण १० केल्विनच्या खाली कुणी मोजलेलंच नाही, तिथे उष्माधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते असं धरून रेघ शून्यापर्यंत ओढली आहे. तिथेच काहीतरी सुटलंय का?

चिंगी

माझ्या फ्रीजमधला बर्फ मधोमध पांढरट येतो आणि कडेने काचेसारखा. तोही निर्दोष स्फटिक नाही ना? पाणी उकळून गार करून ठेवलं तर बरा येतो असं वाचलंय. तुमच्या हिशोबात ते धरलंय का?

ठाम_मत

चिंगीताईंनी नेमकं बोट ठेवलं. नियम 'निर्दोष' स्फटिकासाठी आहे आणि जगात निर्दोष स्फटिक नसतो. हवेचे बुडबुडे, क्षार, जालकातल्या रिकाम्या जागा, सगळं धरलं की ३.४ चा फरक सहज निघतो. तीन दिवस घालवायची गरज नव्हती.

क्रायोकाका

उंबरठा, तुमची बेरीज बरोबर आहे. शंका चुकीच्या जागी आहे, पण शंका घेतलीत ते आवडलं.

आधी खालच्या टोकाचं बघू. १० केल्विनच्या खालचा ओढून घेतलेला भाग तुमच्या ३८.०९ मध्ये किती आहे? जेमतेम ०.०९. ती रेघ दुपटीने चुकली तरी तुमच्या ३.४ च्या पासंगालाही पुरणार नाही. तिथे ३.४ लपायचे असतील तर १० केल्विनच्या खाली उष्माधारकतेचा मोठा उंचवटा हवा, आणि त्याची चढण १० च्या वर थोडी तरी दिसायला हवी होती. तशी ती दिसत नाही.

आता ठाम_मत यांचं. बुडबुडे आणि क्षार हे कारण असतं तर नमुना बदलला की आकडा बदलायला हवा. जड पाण्यावर हाच खटाटोप १९३६ मध्येच झाला, दुसऱ्या हातांनी आणि दुसऱ्या नमुन्यावर. तिथेही तूट ३.२ च्या आसपास, आणि चुकीची मर्यादा धरली तर साध्या पाण्याशी जुळणारीच. कचरा इतका शिस्तीचा नसतो. शिवाय रिकाम्या जागांमधून ३.४ काढायचे तर शेकड्यात कितीतरी रेणू गायब असावे लागतील. ते घनतेत आधीच दिसलं असतं.

चिंगी, मधला पांढरेपणा पाण्यात विरघळलेल्या हवेचा. गोठण कडेकडून आत सरकते तशी हवा मधे रेटली जाते. इथल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, पण निरीक्षण बरोबर आहे.

उंबरठा

मग १८८.७ वर विश्वास का ठेवायचा? तो आकडाच ३.४ ने जास्त असेल तर?

क्रायोकाका

तो आकडा बर्फाला कधी भेटलेलाच नाही. वाफेतला सुटा रेणू किती तऱ्हांनी फिरतो, किती तऱ्हांनी कंप पावतो, हे वर्णपटातल्या रेषांवरून कळतं. त्या ऊर्जापातळ्या मोजायच्या, २५ अंशांना कुठल्या पातळीत किती रेणू असतील ते काढायचं, आणि त्यात रेणूच्या इकडून तिकडे जाण्याचा भाग मिळवायचा. त्यात उष्णता मोजण्याची भानगडच नाही.

तुमची वाट वेगळी. तुम्ही तळापासून जिने चढत आलात आणि प्रत्येक पायरीची उंची मोजलीत. पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत. फक्त तळ शून्यावर आहे हे तुम्ही मोजलेलं नाही, ते गृहीत धरलंय. उष्णतेचं मोजमाप फरक सांगतं, सुरुवात सांगत नाही. दोन्ही वाटांत वाफेपाशी ३.४ चा फरक पडत असेल तर सरळ अर्थ असा की तुमचा तळ ३.४ वर होता.

वाचनमात्र

वाचतोय. जिन्याचं आवडलं.

ठाम_मत

म्हणजे शेवटी बर्फ निर्दोष स्फटिक नाही हेच ना! मी वेगळं काय म्हटलं?

क्रायोकाका

निर्दोष नाही, पण तुम्ही म्हणता त्या अर्थाने नाही. ऑक्सिजनचा सांगाडा पाहिला तर तो शिस्तीत उभा आहे. गोंधळ हायड्रोजनचा आहे. जरा सावकाश सांगतो.

पाण्याचा एक रेणू चिमटीत धरलाय असं समजा. मधे ऑक्सिजन. त्याच्या भोवती चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर चार शेजारी ऑक्सिजन, प्रत्येक साधारण २.७६ अँगस्ट्रॉमवर. प्रत्येक शेजाऱ्याकडे जाणाऱ्या रेघेवर एक हायड्रोजन आहे, पण तो मधोमध नाही. एका ऑक्सिजनला तो १ अँगस्ट्रॉमवर चिकटलेला असतो आणि दुसऱ्यापासून पावणेदोन अँगस्ट्रॉम लांब. आता अटी दोनच: प्रत्येक रेघेवर बरोबर एक हायड्रोजन, आणि प्रत्येक ऑक्सिजनजवळ बरोबर दोन. बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ मध्ये हे मांडलं. या अटी पाळून हायड्रोजन कुठे ठेवायचे ते मात्र ठरलेलं नाही.

किती तऱ्हा होतात हे पॉलिंगने १९३५ मध्ये पाकिटाच्या पाठीवर मावेल असं मोजलं. चार रेघांपैकी कुठल्या दोन रेघांवरचे हायड्रोजन आपले, हे एका रेणूला ६ तऱ्हांनी निवडता येतं. शेजाऱ्यांकडे न बघता सगळ्यांनी मनमानी केली तर N रेणूंच्या 6^N तऱ्हा. पण मग एखाद्या रेघेवर दोन्हीकडचे हायड्रोजन येतील, एखादी रिकामी राहील. रेघेच्या दोन टोकांपैकी प्रत्येक टोकाशी हायड्रोजन असण्याची शक्यता निम्मी, म्हणून रेघेवर बरोबर एकच असण्याची शक्यताही निम्मी. एकूण रेघा 2N. तेव्हा 6^N ला 4^N ने भागा. उरतात (3/2)^N. मोलमागे एन्ट्रॉपी R ln(3/2), म्हणजे ३.३७.

तुमच्या तुटीशी ताडून बघा. जिओक आणि स्टाउटची तूट ज्यूलमध्ये ३.४३, चुकीची मर्यादा ०.२.

उंबरठा

हे वाचून खुर्चीतून उठलो आणि एक फेरी मारून आलो. तीन दिवस जो आकडा चूक म्हणून शोधत होतो तोच उत्तर निघाला.

पण हायड्रोजन असे विस्कटलेले आहेत हे कुणी पाहिलंय का? की नुसता आकडा जुळला म्हणून मानायचं?

क्रायोकाका

पाहिलंय. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. वोलन, डेव्हिडसन आणि शल यांनी १९४९ मध्ये जड पाण्याच्या बर्फावर न्यूट्रॉन सोडले. प्रत्येक रेघेवर दोन जागा दिसल्या आणि प्रत्येक जागी सरासरी अर्धा ड्यूटेरियम. अर्धा अणू नसतो, तेव्हा काही रेघांवर तो या टोकाला आहे आणि काहींवर त्या.

ठाम_मत

थांबा. एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. या (3/2)^N तऱ्हांची ऊर्जा तंतोतंत सारखी असूच शकत नाही. रेणूला दोन ध्रुव असतात, रांग बदलली की ऊर्जा थोडी तरी बदलणार. मग केवल शून्याला सगळ्यात कमी ऊर्जेची एकच रांग उरणार. S = k ln W मध्ये तऱ्हांची संख्या W = 1, एन्ट्रॉपी शून्य. नियम शाबूत, पॉलिंगची मोजणी निरर्थक.

क्रायोकाका

तुमचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. ऊर्जा सारखी नाही. सगळ्यात स्वस्त रांग एकच आहे आणि तिची एन्ट्रॉपी शून्यच असणार. घसरलात ते 'एकच उरणार' इथे. उरेल, पण बर्फ तिथे पोचला तर.

वितळबिंदूजवळ हे ऊर्जेचे फरक उष्णतेच्या मानाने चिल्लर असतात, म्हणून सगळ्या तऱ्हा जवळजवळ सारख्याच शक्य. गार करत न्या. फरक जाणवायला लागावेत इतकं तापमान येतं तोवर रेणूंचं वळणं बंद पडलेलं असतं. कारण एकट्या रेणूला वळताच येत नाही. तो वळला की एका रेघेवर दोन हायड्रोजन येतात आणि दुसरी रेघ रिकामी पडते, आणि हे फार महाग पडतं. शेजारी वळायला हवा, मग त्याचा शेजारी, अशी साखळी. दाटीवाटीच्या बाकावर एकाने कूस बदलायची तर सगळ्या रांगेने बदलावी लागते, तसं.

मोजपट्टी

इतके दिवस फक्त वाचत होते, पण आता राहवत नाही. मी बरीच वर्षं उष्माधारकता मोजण्याचं काम केलं. एका प्रयोगशाळेत नवीन उपकरण लावलं होतं आणि त्याची चाचणी म्हणून आम्ही बर्फ घेतला, कारण त्याचे आकडे माहितीचे.

पद्धत अशी की नमुना निर्वातात टांगायचा आणि भोवतीचं कवच नेमकं त्याच्याच तापमानाला ठेवायचं, म्हणजे उष्णता आत-बाहेर जात नाही. तापकाला मोजून ऊर्जा द्यायची, बंद करायचा, आणि तापमान सपाट व्हायची वाट बघायची. ८० केल्विनपर्यंत सगळं सरळ. पुढे ८५ ते १०० च्या पट्ट्यात तापक बंद केला तरी तापमान सपाट होईना. अर्धा तास, तास, आलेख हळूहळू चढतोच आहे. वरिष्ठांनी निकाल दिला: निर्वातात गळती. दोन आठवडे आम्ही एकेक सांधा हीलियम फवारून तपासत होतो. गळती सापडली नाही, माझी पाठ मात्र धरली.

शेवटी तो नमुना एकदा खूप हळू गार केला, निव्वळ कंटाळा आला म्हणून रात्रभर सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात आलेख उलटा, खाली सरकायला लागला! गळती असती तर ती कवच आणि नमुना यांच्यातल्या तफावतीप्रमाणे वागली असती. नमुना काल कसा गार केला हे गळतीला माहीत असायचं कारण नाही.

क्रायोकाका

मोजपट्टी, हे तुम्ही फार नेमकं सांगितलंत. ८५ ते १०० मध्ये समतोल यायला वेळ लागतो अशी नोंद जिओक आणि स्टाउट यांनीही केली होती. भराभर गार केलेल्या बर्फात हायड्रोजनची रांग जरा वरच्या तापमानाला शोभेल अशी अडकलेली असते. वळायची थोडी मुभा मिळाली की ती खाली घसरते आणि उष्णता सोडते, आलेख चढतो. हळू गार केलेला बर्फ उलट वागतो. त्याची रांग आधीच खालची, तापवताना तिला वर चढायला उष्णता लागते, ती ती स्वतःच्या अंगातून घेते. काचेचं वागणं हेच. फरक इतकाच की इथे सगळा पदार्थ काचेसारखा नसून फक्त हायड्रोजनची रांग काचेसारखी गोठलीय.

मोजपट्टी

हो, ते नंतर कळलं. तेव्हा मात्र वरिष्ठांनी "तुमच्या नमुन्यात काहीतरी आहे" म्हणून माझ्यावरच ढकललं होतं. असो.

उंबरठा

मग रेणूंना वळायला मदत केली तर? म्हणजे वर्षानुवर्षं ८० केल्विनला ठेवून दिलं तर?

क्रायोकाका

नुसतं ठेवून शुद्ध बर्फात काम होण्याची आशा फार कमी. पण मदत करता येते, आणि इथे ठाम_मत यांच्या अशुद्धीला न्याय मिळतो, फक्त उलट्या दिशेने.

पाण्यात चिमूटभर KOH घालून गोठवायचं. बर्फाच्या जालकात OH⁻ शिरला की एक हायड्रोजन कमी पडतो, कुठेतरी एक रेघ रिकामी राहते. ही रिकामी रेघ म्हणजे बाकावरची मोकळी जागा. शेजारचा तिथे सरकतो, त्याची जागा मोकळी होते, आणि ही पोकळी स्फटिकभर भटकत जिथून जाईल तिथले रेणू वळवत जाते. ताजिमा, मात्सुओ आणि सुगा यांनी ओसाकात १९८० च्या दशकात असा बर्फ थोड्या खालच्या तापमानाला बरेच दिवस ठेवला आणि मग तापवला. ७२ केल्विनला उष्णता शोषली गेली, वितळताना जाते तशी एका जागी. म्हणजे खाली शिस्तीची रांग तयार झाली होती आणि ७२ ला ती मोडली. त्या शिस्तीच्या रूपाला बर्फ-११ म्हणतात. जड पाण्यात हेच ७६ ला होतं.

तर कचऱ्याने तूट वाढली नाही, घटली. शोषलेल्या उष्णतेतून निघालेली एन्ट्रॉपी पॉलिंगच्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश होती.

ठाम_मत

मान्य. अशुद्धी आहे म्हणालो ते बरोबर, काय करते ते चुकलो. पण मग उरलेला एक तृतीयांश कुठे गेला?

क्रायोकाका

सोपं उत्तर, सगळा स्फटिक बदललाच नाही. काही भाग जुन्याच गोंधळात अडकून राहिला. मला हे पटतं, पण बदललेल्या भागातही रांग पूर्ण शिस्तीची होते का, यावर एकमत नाही. मी पैज लावणार नाही.

कोडगा

रसायन माझा प्रांत नाही. पण 'रेघेमागे निम्मी शक्यता' हे वाचून हात शिवशिवले. प्रत्येक रेघेची शक्यता स्वतंत्र कशी धरली? शेजारच्या रेघा एकमेकींना बांधलेल्या आहेत की. म्हणून मोजूनच पाहिलं. त्रिमितीत अवघड, म्हणून सपाट चौकोनी जाळी घेतली. प्रत्येक बिंदूला चार रेघा, प्रत्येक रेघेवर हायड्रोजनऐवजी एक बाण, प्रत्येक बिंदूत दोन बाण आत आणि दोन बाहेर. कडा नकोत म्हणून उजवी बाजू डावीला आणि वरची खालच्या बाजूला जोडली.

```python
from itertools import product
L = 3
n = 0
for b in product((0, 1), repeat=2*L*L):
    h, v = b[:L*L], b[L*L:]
    if all(h[i*L+j] + v[i*L+j]
           == h[i*L+(j-1) % L] + v[((i-1) % L)*L+j]
           for i in range(L) for j in range(L)):
        n += 1
print(n)
```

उत्तर आलं 148. नऊ बिंदूंसाठी पॉलिंगच्या हिशोबाने 1.5^9 म्हणजे साधारण ३८ यायला हवे होते. जवळजवळ चौपट! पॉलिंग इतका चुकला?

क्रायोकाका

प्रोग्राम बरोबर आहे, आणि शंका तर त्याहून चांगली. पॉलिंगने रेघा स्वतंत्र धरल्या, ते काटेकोरपणे खरं नाही. ज्या जाळीत फांद्या फुटत जातात पण परत एकमेकींना भेटत नाहीत, तिथे त्याची मोजणी अचूक ठरते. खऱ्या जाळीत वळसे असतात. वळशाभोवती फिरून आलं की शेवटच्या रेघेला पहिल्या रेघेची थोडी माहिती आधीच असते, आणि त्यामुळे जुळण्याची शक्यता निम्म्यापेक्षा किंचित वाढते.

तुमच्या ३×३ मध्ये दुहेरी अडचण आहे. कडा जोडल्यामुळे तीन पावलं चाललं की माणूस निघाला तिथेच परत येतो. असे आखूड वळसे खऱ्या जाळीत नाहीतच, तुम्ही ते शिवून तयार केलेत. 148 चं नववं मूळ काढा, बिंदूमागे १.७४ येईल. जाळी वाढवत नेली की हा आकडा उतरतो. अनंत चौकोनी जाळीसाठी लीबने १९६७ मध्ये अचूक उत्तर काढलं: (4/3)^(3/2), म्हणजे १.५३९६.

कोडगा

४×४ ला हा मार्ग बंद पडतो, ३२ रेघा म्हणजे चारशे कोटींच्या वर शक्यता. ओळीमागून ओळ जोडत जायची पद्धत लिहिली. ४×४ ला 2970, म्हणजे बिंदूमागे १.६४८. उतरतोय खरा.

पण १.५३९६ आणि १.५ यातही फरक आहेच. मग खऱ्या बर्फात पॉलिंग इतका जवळ कसा?

क्रायोकाका

वळशांच्या लांबीमुळे. चौकोनी जाळीत सगळ्यात आखूड वळसा चार रेघांचा. बर्फात सहा. दर पावलाला माहिती साधारण एक तृतीयांश उरते असं धरा. चार रेघांनंतर १/८१ उरेल, सहांनंतर १/७२९. बर्फात रेणूमागे असे षट्कोन दोन येतात, म्हणून पहिली दुरुस्ती १.५ ला १.५०४ करते. लांब वळसे धरत नेगलने १९६६ मध्ये १.५०६८५ पर्यंत नेलं. एन्ट्रॉपीत सांगायचं तर पॉलिंगचे ३.३७, नेगलचे ३.४१. जिओकच्या मोजमापात ०.२ ची धाकधूक आहे, तेव्हा प्रयोगाला या दोघांत निवड करणं शक्य नव्हतं.

मोजपट्टी

म्हणूनच "३.४३ मोजले आणि ३.३७ निघाले, बघा किती अचूक" असं कुणी सांगितलं की मला हसू येतं. इतकी जवळची ती जुळणी नशिबाची. खरा मुद्दा एवढाच की तूट शून्य नाही, आणि R ln 2 म्हणजे ५.७६ सुद्धा नाही.

उंबरठा

बरं झालं R ln 2 काढलंत. कार्बन मोनॉक्साइडचं वाचलं. तिथे रेणू सरळ की उलटा एवढाच प्रश्न, म्हणजे ५.७६ यायला हवेत. पण मोजलेले ४.६ च्या आसपास. तिथे का जुळत नाही?

क्रायोकाका

तिथे रेणूला स्वतःपुरतं उलटता येतं, शेजाऱ्याची परवानगी बर्फाइतकी लागत नाही. त्यामुळे गोठण्याआधी थोडी शिस्त लागून गेली, असा तर्क आहे. बर्फात दोन अटी इतक्या कडक आहेत की अर्धवट शिस्तीला जागाच कमी.

ठाम_मत

आता शेवटचं, मग गप्प बसतो. समोरचा बर्फाचा तुकडा १० केल्विनला आहे. त्यातले हायड्रोजन हलत नाहीत. म्हणजे हा तुकडा (3/2)^N पैकी नेमक्या एका रांगेत अडकलाय, बाकीच्या रांगा त्याच्यासाठी अस्तित्वातच नाहीत. मग W = 1 का नाही? आपल्याला रांग माहीत नाही हा आपला प्रश्न, बर्फाचा नाही.

क्रायोकाका

तसं मानलं तर १०० केल्विनच्या आसपास रांग अडकली त्या क्षणी ३.४ एन्ट्रॉपी नाहीशी झाली म्हणावं लागेल, आणि त्या बदल्यात कवचाला काहीही उष्णता न देता. मला ते गिळत नाही. सायमनने यावर तोडगा काढला होता: तिसरा नियम स्फटिकाच्या त्याच भागाला लावा जो आतून समतोलात आहे. जालकाची कंपनं समतोलात आहेत, त्यांची एन्ट्रॉपी शून्याला जाते. हायड्रोजनची रांग समतोलात नाही, तिला नियम लावूच नका.

मोजपट्टी

काका, माफ करा, पण मला ठाम_मत यांचा मुद्दा इतका सहज टाकून देता येत नाही. जी अवस्था समतोलातच नाही तिला एन्ट्रॉपीचा आकडा चिकटवायचा हक्क आपल्याला कुठून आला? आपली बेरीज उष्णता भागिले तापमान अशी आहे, आणि ती उलटता येणाऱ्या वाटेसाठीच खरी. ८५ ते १०० च्या पट्ट्यात माझा आलेख जाताना एक आणि येताना दुसरा होता. ती वाट उलटता येणारी नव्हतीच.

क्रायोकाका

नव्हती, कबूल. पण त्या पट्ट्यातली तफावत ३.४ च्या मानाने किती होती? तुमच्या आलेखावरून अंदाज निघेल. ती बारीक असेल तर वाट जवळपास उलटता येणारी धरून काढलेला आकडा टिकतो. तुमचा तात्त्विक आक्षेप त्याने मिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

ठाम_मत

म्हणजे मी पूर्ण चूक नव्हतो. नोंद घ्यावी.

वाचनमात्र

घेतली.

उंबरठा

माझ्या वहीत आता असं लिहिलंय: बर्फ, शून्य केल्विन, ३.४, आणि बाजूला 'वादग्रस्त' असं पेन्सिलीने. मोजपट्टी, तुमच्याकडे दोन्ही वेळचे आलेख अजून आहेत का? जाताना-येतानाची तफावत मला स्वतः काढून बघायची आहे.

मोजपट्टी

कागदी आहेत, गुंडाळ्या. रात्रभर गार केलेला नक्की सापडेल, त्यावर मी तारखेशेजारी वैतागून "गळती नाही" असं लाल शाईने लिहिलं होतं. भराभर गार केलेला शोधावा लागेल. रविवारी माळ्यावर चढते.